एकच डायोड आणि उलटी फिरणारी मोटार

"मोटारच्या दोन टोकांवर एक डायोड उलटा लावा, मोटार चालवणारी ड्रायव्हर चिप कधीच जळणार नाही."

हा सल्ला नेहमी ऐकू येतो. मोटार एकाच दिशेने, एका ट्रान्झिस्टरवर फिरवायची असेल तर तो बरोबरच आहे. मोटार दोन्ही दिशांना फिरवणाऱ्या चार स्विचच्या सर्किटमध्ये, म्हणजे एच-ब्रिजमध्ये, मात्र घात होतो. ठाण्यातल्या एका शाळेत मुलांच्या गाडीवर मी हे पाहिलं. पुढे छान धावली; मागे घेताच ड्रायव्हर तापला, वास आला. दिशा बदलली की टोकांची धन-ऋण बाजू बदलते, मग तोच डायोड सरळ होतो आणि बॅटरी त्यातूनच शॉर्ट होते.

मग संरक्षण कुठून येतं? मोटारचा वेग कमी-जास्त करणारा पीडब्ल्यूएम सिग्नल सेकंदाला हजारो वेळा स्विच बंद करतो, पण वाइंडिंगमधला करंट झटक्यात थांबत नाही. त्याला वाहायला वाट हवीच. म्हणून चार डायोड हवेत: मोटारच्या प्रत्येक टोकाकडून एक सप्लायच्या प्लसकडे आणि एक ग्राउंडकडून त्या टोकाकडे. L293D या ड्रायव्हर चिपमध्ये ते आतच असतात. L298N चिपमध्ये नसतात, ते बोर्डवर बाहेर बसवावे लागतात.

खात्री घरी करता येते. बॅटरी आणि मोटार काढा, मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवा. OUT1 आणि OUT2 म्हणजे ड्रायव्हरची मोटारला जोडायची दोन टोकं. लाल टोक OUT1 वर, काळं सप्लायच्या प्लसवर: साधारण 0.5 ते 0.7 व्होल्ट दिसायला हवं. मग लाल ग्राउंडवर, काळं OUT1 वर: तसंच. OUT2 लाही हेच करा. कुठे शून्याच्या आसपास आकडा आला तर तिथे शॉर्ट आहे, बॅटरी जोडू नका.