फार्मसीचे बिल: बॅच, एक्स्पायरी, एमआरपी आणि सूट

फार्मसीचे बिल म्हणजे किरकोळ औषधविक्रीची पावती. किराणा दुकानाच्या बिलात मालाचे नाव, नग आणि रक्कम एवढे पुरते. औषधाच्या बिलात प्रत्येक ओळीवर बॅच नंबर, एक्स्पायरी आणि एमआरपीही येतात आणि खाली सूट वजा होते. (घाटावर ज्याला ‘मेडिकल’ म्हणतात त्याला गोव्यात ‘फार्मसी’ म्हणायची रीत आहे.) काउंटरवर नव्याने उभ्या राहिलेल्या मदतनिसाला हे चार वेगवेगळे रकाने वाटतात. खरे तर एक्स्पायरी आणि एमआरपी औषधाच्या नावाला नव्हे, तर बॅचला चिकटलेली असतात. सूट त्या एमआरपीवर बसते. म्हणून बॅच चुकली की मागचे सगळेच चुकते.

बॅच म्हणजे कारखान्यात एका खेपेला तयार झालेला माल. एकाच नावाची गोळी एकदा वेर्ण्याहून आणि एकदा हिमाचलातल्या बद्दीहून आलेली असू शकते. स्ट्रिपवरचे नाव तेच, रंग तोच, बॅच मात्र निराळी. एखादी खेप तपासणीत निकृष्ट निघाली, तर केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या मासिक यादीत औषधाच्या नावासोबत तिचा बॅच नंबर येतो. दुकानात तेवढाच माल बाजूला काढायचा असतो. गिऱ्हाइकाच्या घरी कोणता माल गेला हे सांगणारा कागद म्हणजे बिल. औषधविषयक नियमांनुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायच्या ‘शेड्यूल एच’ औषधांच्या विक्रीनोंदीत उत्पादकाचे नाव, बॅच आणि एक्स्पायरी लागतात, शिवाय नोंदणीकृत फार्मासिस्टची सही. अशी औषधे त्याच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. मदतनीस बिल करू शकतो, पण चिठ्ठी वाचून औषध ठरवणे हे त्याचे काम नाही. दुकानाचा परवाना देणारे आणि तपासणी करणारे गोवा राज्याचे अन्न व औषध प्रशासन संचालनालय बांबोळीला आहे.

प्रत्यक्षात चूक कशी होते ते पाहू. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, काउंटरवर गर्दी. पेडण्याहून आलेल्या आजींना रोज एक अशा तीस गोळ्या हव्यात, म्हणजे दहाच्या तीन स्ट्रिपा. कपाटात जुन्या बॅचच्या दोन उरल्या आहेत, प्रत्येकीची एमआरपी १०५ रुपये. तिसरी नव्या बॅचची, तिच्यावर ११५.५० छापले आहे. मदतनीस संगणकात नाव टाकतो, पडद्यावर दोन बॅच दिसतात. तो घाईत नवी निवडतो आणि नग ३ टाकतो. ओळ एकच, रक्कम ३४६.५०. दहा टक्के सूट गेली, उरले ३११.८५.

बरोबर बिलात दोन ओळी हव्या होत्या. जुन्या बॅचचे २ नग, २१० रुपये. नव्या बॅचचा १ नग, ११५.५०. बेरीज ३२५.५०, सूट ३२.५५, देय २९२.९५. आजींकडून १८.९० रुपये जास्त गेले. गंमत अशी की चुकीच्या बिलातही एका स्ट्रिपमागे १०३.९५ रुपयेच पडले, म्हणजे जुन्या छापील १०५ पेक्षाही कमी. त्यामुळे कोणालाच संशय येत नाही. सूट चूक झाकते. सूट नसती तर १०५ छापलेली स्ट्रिप ११५.५० ला विकली गेली असती आणि छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याचा सरळ गुन्हा झाला असता.

पैशांपेक्षा मागचा घोळ मोठा. संगणकाच्या हिशेबी जुन्या बॅचच्या दोन स्ट्रिपा अजून दुकानात आहेत, कपाटात मात्र नाहीत. नव्या बॅचच्या दोन हिशेबापेक्षा जास्त आहेत. काही महिन्यांनी ‘जवळ आलेल्या एक्स्पायरी’च्या यादीत त्या दोन येतात आणि पोरगा खोकी उपसत बसतो. दुकानाला घाऊक माल पुरवणारा स्टॉकिस्ट एक्स्पायरीचा माल परत घेताना साधारणपणे आपल्या बिलातली बॅच जुळते का ते बघतो, मगच त्या रकमेची क्रेडिट नोट देतो. आणि जुनी बॅच उद्या परत मागवली गेली, तर आजींचे नाव शोधात येणारच नाही. यावर उपाय एकच: आधी स्ट्रिप हातात घ्यायची, तिच्यावरचा नंबर वाचायचा, मग पडद्यावर तीच ओळ निवडायची. उलटे करायचे नाही. इंग्रजी ओ आणि शून्य, बी आणि आठ यांची गल्लत होते, म्हणून शेवटची तीन अक्षरे मोठ्याने वाचण्याची सवय चांगली.

एक्स्पायरी महिना-वर्षात छापलेली असते. ०३/२७ याचा अर्थ ३१ मार्च २०२७ पर्यंत चालेल, १ मार्चला संपले असा नव्हे. शेजारीच उत्पादनाची तारीखही असते, तीच घाईत वाचली जाते. पण कायद्याने विकता येते म्हणून द्यावेच असे नाही. १० मार्चला कोणी तीस दिवसांच्या गोळ्या नेल्या, तर शेवटची गोळी ८ एप्रिलला पोटात जाईल. अशा वेळी पुढच्या तारखेची बॅच द्यावी. एरवी मात्र आधी संपणारा माल आधी काढायचा, तो दुकानात कधी आला हे बघायचे नाही.

सुट्या गोळ्या देताना स्ट्रिप कोणत्या टोकाने कापायची हे कोणी शिकवत नाही. बॅच, तारीख आणि किंमत बहुतेकदा एकाच टोकाला ठशाने उमटवलेली असते. ते टोक दुकानात ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूने कापायचे. नाहीतर उरलेल्या पाच गोळ्या निनावी होतात आणि त्या विकता येत नाहीत. गिऱ्हाइकाकडे ठसा जात नाही, म्हणून सुट्या गोळ्यांच्या बिलावर बॅच आणि तारीख नीट उमटायलाच हवी. किंमत स्ट्रिपच्या प्रमाणात: १०५ च्या दहापैकी पाच गोळ्यांचे ५२.५० च्या वर घेता येत नाहीत. स्ट्रिप दहाची की पंधराची हे आधी बघावे. ‘पॅक’चा रकाना चुकला की गोळीचा भाव चुकतो.

एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात. वर जीएसटी लावायचा नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, काहींवरचा शून्य. वरच्या २९२.९५ मध्ये मूळ किंमत २७९ आणि कर १३.९५ आहे, तो केंद्र आणि राज्यात निम्मा-निम्मा वाटला जातो. बिलावर हे वेगळे दिसते म्हणून ‘वर टॅक्स पण लावला काय?’ असे विचारणारे रोज भेटतात. त्यांना एमआरपीचा आकडा दाखवावा.

सूट किती द्यायची ही दुकानाची मर्जी. ती स्टॉकिस्टच्या बिलावरच्या सुटीशी मिसळू नये. तिथे ‘१०+१’ सारखी योजना असते, दहावर एक फुकट. ती दुकानाच्या खरेदीतली बाब आहे, गिऱ्हाइकाच्या बिलात येत नाही. आलेला माल संगणकात चढवताना मात्र फुकटचा नगही त्याच्या बॅचखाली चढवायचा. तो कधीकधी दुसऱ्याच बॅचचा असतो.