‘बसा’ म्हटलं की उठायचं

दीड तास सलग शिकवलं की मागच्या बाकांवर पेनं वाजू लागतात, पाय हलू लागतात. बेशिस्त म्हणून ओरडण्याआधी एक जुना प्रयोग आठवावा. १९४८ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी माणसांना दोन तास एका तबकडीपुढे बसवलं. काटा दर सेकंदाला एक घर सरकायचा, क्वचित दोन घरं उडायचा. ती उडी तेवढी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या निसटू लागल्या. पुढे २०११ मध्ये अरिगा आणि येरास या संशोधकांनी अशाच लांबलेल्या कंटाळवाण्या कामात काहींना दोनदा वेगळं छोटं काम दिलं. त्यांचं लक्ष शेवटपर्यंत टिकलं. म्हणजे नुसत्या विश्रांतीनेच नव्हे, कामात बदल झाल्यानेही लक्ष ताजं होऊ शकतं.

साठ मुलं आणि पाय ठेवायलाही जागा नाही, अशा वर्गात हा बदल कसा आणायचा? ‘उलटा हुकूम’ खेळून पाहा. सर ‘बसा’ म्हणाले की उभं राहायचं, ‘उठा’ म्हणाले की बसायचं. बाकं एकमेकांना लागून असतील तर आधी एक आड एक रांगा खेळतात, उरलेल्या रांगा त्यांच्या चुका मोजतात, मग अदलाबदल. पहिलं मिनिट सावकाश, दुसरं जलद. तिसऱ्यात ‘हात वर’ म्हटलं की हात खाली, ही भर. चौथ्या मिनिटाला सगळे उभं राहून टाचा दहादा वर-खाली करतात. बसून पायांत साचू लागलेलं रक्त पोटऱ्यांचे स्नायू आवळले की वर ढकललं जातं. मग खेळ बंद.

ऐकलेल्या शब्दावर अंग आपोआप हलू पाहतं, ते रोखून उलटं करायचं, यात मेंदूच्या पुढच्या भागाचा कस लागतो. किशोरवयात हाच भाग अजून घडत असतो, म्हणून चुका भरपूर होतात आणि हशा पिकतो. कोणीच चुकत नसेल तर वेग वाढवा, सगळेच चुकत असतील तर कमी करा.

फसतो कुठे? चुकणाऱ्याला ‘आउट’ केलं की दोन मिनिटांत अर्धा वर्ग रिकामा बसतो, म्हणजे ज्यांना हालचालीची जास्त गरज, तेच बाहेर. बाद करूच नका. गणिताच्या तासानंतर आकड्यांचे खेळही टाळावेत, बदल कुठे झाला मग? आणि खेळाच्या जागी मोबाईल दिला, तर मुलं बसलेलीच राहतात आणि डोळे पुन्हा पडद्यावर.

खेळ संपल्यावर दोन मिनिटांत कुजबुज शमली नाही, तर तो जास्त रंगला असं समजावं. पुढच्या वेळी शेवटचा वेग कमी ठेवायचा. मात्र ज्याचे डोळेच मिटताहेत, त्याला हा खेळ पुरणार नाही. किशोरवयात झोपेचं चक्रच उशिराकडे सरकतं. पहाटे उठवलेल्या त्या मुलाची झोप अपुरी आहे, आणि ती चार मिनिटांत भरून निघत नाही.