कंसातली रक्कम आणि मागचा वजा: स्कॅन केलेली आर्थिक पत्रके वाचताना

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रींपासून शाहूपुरीतल्या गूळ व्यापाऱ्यांपर्यंत, जे ग्राहक जुनी पत्रके स्कॅन करून एक्सेलमध्ये घेण्यासाठी आमच्याकडे देतात, त्यांच्यासाठी ही माहिती. रक्कम ऋण आहे हे पत्रकात दोन प्रकारे दाखवतात. छापील ताळेबंदात आणि रोख प्रवाह पत्रकात ती कंसात असते. सॅपसारख्या प्रणालीच्या किंवा जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटमध्ये वजा चिन्ह आकड्याच्या मागे येते. स्कॅनवरून अक्षरे ओळखणाऱ्या ओसीआर सॉफ्टवेअरला या दोन्ही खुणा नीट ओळखता येतातच असे नाही. एका खुणेची चूक झाली तरी पत्रकाची बेरीज जुळत नाही.

कंसाचे दोन प्रकारे बिघडते. एक तर तो गळून जातो, आणि वजा रक्कम जमेला धरली जाते. दुसरे म्हणजे सुरुवातीचा कंस इंग्रजी एक म्हणून वाचला जातो. `(64,750)` चे `164,750` झाले तर ते स्वल्पविरामावरून लगेच कळते, कारण आपल्या पद्धतीत ती रक्कम `1,64,750` अशी छापली असती. पण `(3,64,750)` चे `13,64,750` झाले तर स्वल्पविराम बरोबर जागी दिसतात आणि डोळा फसतो. म्हणून पहिल्या स्वल्पविरामाआधी एकच अंक असलेल्या कंसातल्या रकमा मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात. शेवटचा कंस एक झाला तर `3,64,7501` असे दिसते. शेवटच्या स्वल्पविरामानंतर चार अंक कधीच येत नाहीत, त्यामुळे ही चूक सापडायला सोपी.

नमुन्याचे एक रोख प्रवाह पत्रक घेऊ:

```
करपूर्व नफा          8,42,600
घसारा               2,15,400
मालसाठ्यात वाढ      (3,64,750)
येण्यात वाढ         (1,28,300)
देण्यात वाढ            96,200
एकूण                6,61,150
```

एक्सेलमध्ये बेरीज ९,१७,७५० आली, तर छापील एकूण रकमेपेक्षा ती २,५६,६०० ने जास्त आहे. फरकाची निम्मी रक्कम करा: १,२८,३००. येण्यातल्या वाढीच्या ओळीचा कंस गळाला आहे. रक्कम वजा होण्याऐवजी मिळवली गेली की फरक नेहमी तिच्या दुप्पट पडतो. दोन ओळींचे कंस गळाले असतील, तर निम्मी रक्कम त्या दोन ओळींच्या बेरजेइतकी येते.

आता फरक १७,२९,५०० आला असे धरा. निम्मे ८,६४,७५०, आणि तशी एकही ओळ नाही. इथे दहा लाख आधी बाजूला काढा. उरले ७,२९,५००, त्याचे निम्मे ३,६४,७५०. म्हणजे मालसाठ्याच्या ओळीतला कंस एक होऊन तेरा लाख झाले आहेत. एक ज्या स्थानावर चिकटला ती रक्कम, दहा हजार, लाख की दहा लाख, आधी फरकातून वजा करायची आणि मग निम्मे करायचे.

मागच्या वजाची अडचण वेगळी. ते चिन्ह रकान्याच्या उभ्या रेघेला टेकलेले असते, आणि सॉफ्टवेअर रेघ पुसताना तेही पुसून टाकते. कधी ते पुढच्या रकान्यात जाते: `1,28,300-  96,200` यातला वजा ९६,२०० च्या पुढे लागतो. चालू आणि मागील वर्षाचे रकाने शेजारी असतील, तर चालू वर्षाची बेरीज जास्त आणि मागील वर्षाची कमी येते. दोन्ही फरकांचे निम्मे एकाच ओळीवर बोट ठेवत असेल, तर वजा नक्की सरकला आहे.

चिन्ह नीट वाचले गेले तरी `1,28,300-` हा एक्सेलला मजकूर वाटतो आणि `SUM` तो बेरजेत धरतच नाही. मग फरक दुप्पट न पडता त्या रकमेइतकाच पडतो. असा रकाना निवडून `Data` मधल्या `Text to Columns` च्या तिसऱ्या पायरीवर `Advanced` उघडा आणि `Trailing minus for negative numbers` वर खूण आहे ना ते पाहा. ओसीआरने साध्या वजाऐवजी लांब आडवी रेघ घातली असेल, तर आधी `Find & Replace` ने ती बदलून घ्यावी लागते.

प्रत्येक कंस म्हणजे ऋण रक्कम नव्हे. टिपणांच्या रकान्यातला `(12)` हा फक्त टिपणाचा क्रमांक असतो. नुसती आडवी रेघ म्हणजे शून्य. 'वजा: सूट' अशी ओळ असून रक्कमही कंसात असेल, तर ती एकदाच वजा करायची, आणि तसे केल्यावर खालची एकूण रक्कम जुळते का ते पाहायचे. आकडे लाखांत असलेल्या पत्रकात एकाचा फरक पूर्णांकनामुळे पडू शकतो.

निम्म्याच्या पडताळ्याला एक मर्यादा आहे. एकूण रकमेचाच कंस गळाला असेल तर तो दिशाभूल करतो. त्यामुळे नफा की तोटा हे आधी नफा-तोटा पत्रकावरून ठरवा.

आमच्याकडे देताना मोबाईलचा फोटो न पाठवता मूळ कागद द्यावा. स्वतः स्कॅन करणार असाल, तर ३०० डीपीआय आणि करड्या छटांत करा. बारीक छपाईला ४०० ठेवा. नुसत्या काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये पुसट कंस आधी जातात. शिक्का आकड्यांवर आला असेल तर ती ओळ पेन्सिलने खूण करून सांगा. जुळणी न झालेल्या ओळी आम्ही फाइलमध्ये पिवळ्या करून देतो. मूळ कागद पाहिल्याशिवाय त्यांचे चिन्ह आम्ही आमच्या अंदाजाने बदलत नाही.