शाफ्टच्या तपासणीतील दोन निकष : ट्रेस्कापासून हेन्कीपर्यंत

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत एकाच शाफ्टचे गणित दोन डिझायनरांकडे दिले, तर सुरक्षा गुणांक वेगवेगळे येऊ शकतात आणि तरीही दोघांचे गणित बरोबर असू शकते. एकाने कमाल शिअर ताणाचा निकष धरलेला असतो, तर दुसऱ्याने विरूपण ऊर्जेचा. हा फरक कोठून आला, हे त्यामागच्या प्रयोगांच्या इतिहासातून नीट कळते.

कमाल शिअर ताणाची कल्पना कूलाँब यांच्या १७७३ च्या निबंधात सापडते, पण ती धातूंना लागू झाली ती फ्रेंच अभियंता ट्रेस्का यांच्यामुळे. धातूंवर प्रचंड दाब देऊन ते छिद्रांतून वाहते करण्याचे प्रयोग त्यांनी केले आणि १८६४ मध्ये असा निष्कर्ष मांडला की शिअर ताण एका ठरावीक मर्यादेला पोहोचला की धातू कायमचा सरकू लागतो. पुढे १९०० मध्ये इंग्लंडमध्ये गेस्ट यांनी धातूच्या नळ्यांवर ओढ, पीळ आणि आतील दाब असे एकत्रित भार देऊन पाहिले व लवचीक धातूंसाठी हाच निकष उचलून धरला. म्हणूनच आपल्याकडील अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तो अनेकदा गेस्ट यांच्या नावाने भेटतो.

दुसऱ्या निकषाचा प्रवास अधिक वळणावळणाचा आहे. मॅक्सवेल यांनी १८५६ मध्ये एका खासगी पत्रात ही कल्पना लिहिली होती. ह्यूबर यांनी १९०४ मध्ये ती पोलिश भाषेत प्रसिद्ध केली, त्यामुळे ती पोलंडबाहेर फारशी वाचली गेली नाही. व्हॉन मिसेस यांनी १९१३ मध्ये हेच सूत्र मांडले, पण ट्रेस्कांचा निकष आलेखावर काढला की षट्कोन येतो आणि त्याचे कोपरे गणिताला अडचणीचे होतात म्हणून घेतलेली एक सोयीची वक्ररेषा, एवढाच त्यांचा हेतू होता. या सूत्राचा संबंध आकार बदलण्यात खर्ची पडणाऱ्या ऊर्जेशी आहे, हे हेन्की यांनी १९२४ मध्ये स्पष्ट केले. निकाल मात्र प्रयोगानेच लागायचा होता. टेलर आणि क्विनी यांनी १९३१ मध्ये तांबे, अ‍ॅल्युमिनियम व मऊ पोलाद यांच्या नळ्या एकाच वेळी ओढून व पिळून पाहिल्या, तेव्हा मोजमापे मिसेस यांच्या रेषेच्या जवळ पडली. शाफ्टच्या पृष्ठभागावरही वाकण्यामुळे एक सरळ ताण आणि टॉर्कमुळे शिअर ताण, अशीच जोडी असते. त्यामुळे आपल्या प्रश्नाला हा प्रयोग थेट लागू पडतो असे मी मानतो.

आता एक उदाहरण घेऊ. कांद्याच्या प्रतवारी यंत्रातील कन्व्हेअरचा ४० मिमी व्यासाचा भरीव शाफ्ट आहे, पोलादाची यील्ड मर्यादा, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचे सरकू लागते तो ताण, ३५० मेगापास्कल आहे, बेंडिंग मोमेंट ४०० आणि टॉर्क ६०० न्यूटन-मीटर आहे. σ = 32M/πd³ यातून ६३.७ आणि τ = 16T/πd³ यातून ४७.७ मेगापास्कल मिळतात. ट्रेस्का निकषाचा समतुल्य ताण √(σ² + 4τ²) म्हणजे सुमारे ११५, तर मिसेसचा √(σ² + 3τ²) म्हणजे सुमारे १०४ मेगापास्कल येतो. सुरक्षा गुणांक अनुक्रमे ३.०५ आणि ३.३५. दोन्ही सूत्रांत फरक फक्त τ² च्या गुणकाचा आहे. त्यामुळे टॉर्क नसेल तर उत्तरे एकच येतात, आणि नुसता टॉर्क असेल तर फरक वाढत वाढत १५.५ टक्क्यांवर थांबतो, कारण शुद्ध पिळात ट्रेस्का शिअरची मर्यादा यील्डच्या ०.५ पट धरतो आणि मिसेस ०.५७७ पट.

व्यास मात्र घनमूळात येतो, हे विसरू नये. वरचा दहा टक्क्यांचा फरक व्यासात जेमतेम तीन टक्के, म्हणजे सव्वा मिलिमीटर उरतो, आणि बाजारात मिळणाऱ्या बारचा माप-क्रम पाहता पुष्कळदा दोन्ही निकषांनी तोच बार निवडला जातो. म्हणून रोजच्या कामात ट्रेस्का वापरण्यात गैर काही नाही. वजन वाचवायचे असेल किंवा चाचणीचे आकडे जुळवायचे असतील, तेव्हा मिसेस योग्य. ओतीव लोखंडासारख्या ठिसूळ धातूला दोन्ही लागू नाहीत.

खरी अडचण दोन्ही निकषांच्या बाहेर आहे. फिरणाऱ्या शाफ्टवर वाकण्याचा ताण प्रत्येक फेऱ्यात ओढ आणि दाब असा उलटतो, त्यामुळे शाफ्ट बहुधा यील्ड होऊन नव्हे, तर थकव्याने तुटतो. तुटलेला तुकडा हातात घेतला तर की-वेच्या, म्हणजे चावी बसवण्यासाठी कापलेल्या खाचेच्या, कोपऱ्यापासून पसरत गेलेल्या, शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा दिसतात आणि शेवटी उरलेला भाग खरबरीत असतो. उलट टॉर्कने यील्ड झालेल्या शाफ्टमध्ये सरळ कापलेला की-वे किंचित वळलेला दिसतो. १९२७ च्या अमेरिकी शाफ्ट-संहितेने यावर उपाय म्हणून कमाल शिअर ताणाचेच सूत्र ठेवले, पण बेंडिंगला गुणक लावला आणि की-वेसाठी अनुज्ञेय ताण २५ टक्क्यांनी कमी केला. आपल्या शाफ्टवर बेंडिंगला १.५ आणि टॉर्कला १ हा गुणक धरला, तर शिअर ताण ५७.४ वरून ६७.५ मेगापास्कलवर जातो. यील्डच्या ३० टक्के, म्हणजे १०५ मेगापास्कल, ही त्या संहितेतील यील्डवर आधारित मर्यादा की-वेमुळे ७८.७५ होते, आणि शाफ्ट तिच्यात बसतो.