ओलं फडकं, कोरडं बोट: काचेमागच्या टच स्विचची पूर्वपीठिका

गेल्या वर्षी गणपतीच्या दोन दिवस आधी कोलशेतमधल्या एका ओळखीच्या काकूंचा फोन आला. स्वयंपाकघरात काचेमागचा चार कळांचा टच बोर्ड बसवून जेमतेम महिना झाला होता. "अहो, ओल्या फडक्यानं काच पुसली की एक्झॉस्ट चालू होतो, आणि बोट लावलं तर लागेल तेव्हा लागतो. उलटंच आहे सगळं." उकडीच्या मोदकांची तालीम चालू होती, म्हणजे वाफ, पिठाचे हात आणि दर दहा मिनिटांनी पुसापुशी. वायरमननं येऊन सेन्सिटिव्हिटी वाढवून दिली, त्यानंतर त्रास दुप्पट झाला. हे असं का झालं ते कळायला थोडं मागं जावं लागतं, कारण त्या काचेमागची चिप इतिहासाच्या एका ठरावीक टप्प्यावर थांबलेली होती.

माणसाचं शरीर जवळ आलं की सर्किटचा कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता, बदलतो, याचा पहिला गाजलेला वापर वाद्यात झाला. १९२० साली पेट्रोग्राडमध्ये लेव तेरमेननं हात न लावता, नुसता हवेत हलवून वाजवायचं वाद्य बनवलं. हात पुढे-मागे झाला की ऑसिलेटरची वारंवारता सरकायची. १९६५ मध्ये ब्रिटनच्या माल्व्हर्नमधल्या रडार संशोधन संस्थेतल्या ई. ए. जॉन्सननं कपॅसिटिव्ह टच स्क्रीनची कल्पना छापली, आणि सत्तरच्या दशकात सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या नियंत्रण कक्षात तसे पडदे वापरात आले. पण घराच्या भिंतीपर्यंत पोचलेली गोष्ट वेगळ्याच वाटेनं आली.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले टच डिमर आठवत असतील तर त्यावर धातूची उघडी पट्टी असायची. घरातल्या वायरिंगमुळे आपल्या अंगात सतत ५० हर्ट्झची बारीक गुणगुण शिरलेली असते. बोट पट्टीला लागलं की ती गुणगुण मेगाओहमच्या रेझिस्टरांमधून चिपपर्यंत जायची आणि दिवा पेटायचा. सीमेन्सची S566 ही त्या काळातली ओळखीची चिप. या पद्धतीत धातूला प्रत्यक्ष हात लागणं गरजेचं होतं. मध्ये काच आली की गुणगुण इतकी क्षीण व्हायची की चिपला ऐकूच येत नसे. शिवाय हात ओला असला तर उलट बरंच, संपर्क पक्का! पाण्याची भीती होती ती वेगळी: विजेच्या धक्क्याची.

काचेमागून बोट ओळखण्याचं गणित बसलं ते चार्ज ट्रान्सफर पद्धतीनं, आणि त्यात हॅरल्ड फिलिप यांचं नाव घ्यावं लागतं. १९९८ मध्ये त्यांना या पद्धतीचं अमेरिकी पेटंट मिळालं. कल्पना बादलीतून टाकी भरण्याची आहे. काचेमागच्या तांब्याच्या तुकड्याला, म्हणजे पॅडला, अगदी थोड्या वेळासाठी चार्ज करायचं, तो चार्ज एका मोठ्या कपॅसिटरमध्ये ओतायचा, आणि ठरलेल्या पातळीपर्यंत जायला किती बादल्या लागल्या ते मोजायचं. बोट जवळ असेल तर पॅडची बादली किंचित मोठी होते, म्हणून कमी फेऱ्यांत काम होतं. पल्स इतकी आखूड ठेवायची की काचेवर पाण्याचा पातळ थर असला तरी चार्जला त्यातून फार लांब पसरायला वेळच मिळू नये. म्हणजे पाण्याचा विचार अगदी सुरुवातीपासून होता.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चिप 'आत्ता किती कपॅसिटन्स आहे' असं विचारत नाही, 'मघापेक्षा किती बदलला' असं विचारते. मघाचा आकडा, म्हणजे बेसलाइन, ती स्वतःच हळूहळू सरकवत राहते. त्यामुळे पावसाळ्यातली दमट हवा, तापलेली भिंत, काचेवर साचत जाणारं तेलकट किटण हे सगळं ती पचवते. फिलिप यांच्या क्वांटम रिसर्चच्या चिपमध्ये हे सरकणं मुद्दाम विषम ठेवलेलं होतं: बोटाच्या दिशेनं सावकाश, उलट दिशेनं लवकर, नाहीतर स्विचवर रेंगाळणारं बोटच हवामान समजून पचवलं गेलं असतं. ती कंपनी २००८ मध्ये अ‍ॅटमेलनं घेतली, आणि अ‍ॅटमेल २०१६ मध्ये मायक्रोचिपकडे गेली. एव्हाना टॉनटेकची TTP223 सारखी एका कळीची स्वस्त चिप सगळीकडे पसरली होती. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला टच मॉड्यूल मागितलं की बहुतेक वेळा हीच हातात पडते, आणि काकूंच्या बोर्डातही अशा चार होत्या.

आता बोर्ड उघडल्यावर काय दिसलं ते. पुढे पाच मिलिमीटरची, मागून रंगवलेली काच. रंग साधा होता हे नशीब, धातूचे कण असलेला चंदेरी रंग असता तर त्याच्याआडून चिपला काहीच दिसलं नसतं. काच आणि सर्किट यांच्यामध्ये कडेनं एक मिलिमीटर जाडीची फोम टेप होती. म्हणजे प्रत्येक पॅडसमोर एक मिलिमीटर हवा.

ही एक मिलिमीटर हवा किरकोळ वाटते, पण काचेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक हवेच्या साधारण सातपट असतो. म्हणून पॅडच्या दृष्टीनं एक मिलिमीटर हवा म्हणजे सात मिलिमीटर काच. पाचाची काच बाराची झाली. बोटाचा टेकलेला भाग सुमारे दहा मिलिमीटर व्यासाचा धरला, तर नुसत्या पाच मिलिमीटर काचेतून साधारण एक पिकोफॅरडचा बदल मिळतो, आणि हवेसकट जेमतेम ०.४. बोट लागेल तेव्हा लागत होतं ते यामुळे.

वायरमननं यावर काढलेला उपाय चुकीचा, पण समजण्यासारखा आहे. TTP223 च्या इनपुटपासून ग्राउंडला एक छोटा कपॅसिटर लावता येतो, शून्य ते पन्नास पिकोफॅरडपर्यंत. तो जितका मोठा, तितकी चिप बधिर. त्यानं कुणाला तरी फोन करून विचारलं आणि चारही कपॅसिटर उपटून टाकले. (क्वांटमच्या एका कळीच्या चिपमध्ये मोजणीचा कपॅसिटर वाढवला की सेन्सिटिव्हिटी वाढते, म्हणजे नेमकं उलट. डेटाशीट न वाचता एकीचा सल्ला दुसरीला लावला की माणूस तासन्‌तास चुकीच्या दिशेनं चालतो. मीही चाललोय.)

सेन्सिटिव्हिटी वाढल्यानं बोट आणि फडकं यांच्यातला फरक वाढत नाही. दोघांचाही आवाज वाढतो, आणि हवेच्या फटीमुळे फडक्याचा जास्त. पॅडपासून अंतर वाढलं की विद्युत क्षेत्र आजूबाजूला फाकतं. बोटाचं टोक लहान, म्हणून त्याचा परिणाम झपाट्यानं घटतो. ओलं फडकं धरलेला तळवा मात्र पॅड, त्याच्याकडे येणारी तांब्याची रेघ, शेजारची कळ असं सगळं एकदम झाकतो, आणि त्यामागे अख्खं शरीर जमिनीशी जोडलेलं असतं. शिवाय फोमच्या सांध्यातून ओल आत गेली होती. काचेच्या आतल्या बाजूला बारीक दव दिसत होतं. पॅडपासून मिलिमीटरभर अंतरावरचं पाणी बाहेरच्या थेंबापेक्षा कितीतरी जोरात बोलतं.

नुसता एखादा सुटा थेंब काचेवर असला तर फारसं काही होत नाही, कारण त्याला जमिनीचा आधार नसतो. गोंधळ होतो तो पाण्याची पट्टी एका कळीपासून दुसरीपर्यंत, किंवा थेट अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीपर्यंत गेली की. ओल्या बोटानं दिवा लावताना शेजारचा पंखा लागतो तो याच पट्टीमुळे.

या बोर्डात आणखी एक अडचण होती. पॅडच्या भोवती जेमतेम अर्धा मिलिमीटर सोडून सगळीकडे ग्राउंडचं तांबं ओतलेलं होतं. इतर सर्किटांत ही चांगली सवय मानतात. इथे ती अंगावर येते, कारण पाण्याचा थर पॅडला त्या तांब्याशी जोडतो आणि चिपला वाटतं बोट आलं. यावरचा खरा उपाय बॅटरीवरच्या दिव्याहूनही जुना आहे. एकोणिसाव्या शतकात विल्यम थॉमसन, म्हणजे लॉर्ड केल्विन, यांनी इलेक्ट्रोमीटरच्या तबकडीभोवती त्याच विद्युतदाबावर ठेवलेलं वेगळं कडं लावलं, जेणेकरून कडेचं क्षेत्र मोजणीत लुडबुड करू नये. आजच्या चांगल्या टच चिप हेच करतात: पॅडभोवतीचं तांबं ग्राउंडला न जोडता त्याला पॅडसारखीच पल्स देतात. पॅड आणि कडं दोन्ही एकाच दाबावर असतील तर मधल्या पाण्यातून चार्ज वाहायला कारणच उरत नाही. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या S2 आणि S3 या नंतरच्या पिढ्यांमध्ये अशा कड्यासाठी एक टच पिन राखून ठेवलेली आहे. TTP223 मध्ये ही सोय नाही.

नवा बोर्ड करायला गणपतीआधी वेळ नव्हता, म्हणून होता तोच सुधारला. पॅडवर टच स्प्रिंग सोल्डर केल्या, म्हणजे त्या दबून काचेच्या पाठीला सपाट टेकतात. फट विजेच्या दृष्टीनं संपली. पॅडलगतचं ग्राउंडचं तांबं ब्लेडनं खरवडून तीन मिलिमीटर मागे नेलं. काचेच्या कडा सिलिकॉननं बंद केल्या, पण आधी ड्रायरनं आतली ओल घालवून.

मग सेन्सिटिव्हिटी. ती नेहमी शेवटी, खरी काच, खरा पॉवर सप्लाय आणि भिंतीतला डबा यांच्यासकट लावायची. टेबलावर लावलेली भिंतीत टिकत नाही. कपॅसिटर शून्यापासून वाढवत नेला आणि करंगळीचा हलका स्पर्श चुकायला लागल्यावर एक पायरी मागे आलो. तीन कळा १५ पिकोफॅरडवर थांबल्या, लांब रेघ असलेली चौथी १० वर. प्रत्येक बदलानंतर वीज बंद-चालू केली आणि त्या क्षणी हात लांब ठेवला, कारण चिप सुरू होतानाच पहिली बेसलाइन घेते. लाइट जाऊन परत येताना कुणाचा हात काचेवर असेल तर तो हातच तिला 'रिकामं' वाटतो.

उरलेलं काम एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवर सोपवलं. चारही चिप टॉगलवरून काढून 'दाबलंय तोवरच चालू' अशा केल्या आणि नियम घातला: एकाच वेळी दोन कळा दिसल्या तर काहीही करायचं नाही, सगळ्या सुटून अर्धा सेकंद जाईपर्यंत. तळवा आणि फडकं बहुतेक वेळा दोन कळांवर एकदम येतात, बोट येत नाही.

पुसताना आता काही चालू होत नाही. एखादं फडकं काठावर वाळत टाकलं आणि त्याची ओल दोन कळांवर आली, तर मात्र अख्खा बोर्ड मुका होतो. काकूंना तेवढं सांगून ठेवलं आहे. एक्झॉस्टचा जुना खटका मी काढू दिला नाही, तो शेजारीच आहे. मोदकांच्या दिवशी त्यांनी तोच वापरला.