काचबिंदूच्या ड्रॉपने डोळ्याभोवती काळं झालं की डोळा खोल गेला?

मी नागपुरात गेली अकरा वर्षं ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करतेय, आणि काचबिंदूचे पेशंट तपासताना एक गोष्ट मला परत परत दिसते. ती म्हणजे ड्रॉप सुरू झाल्यावर डोळ्याभोवती जे काही बदलतं त्या सगळ्याला घरचे लोक एकच नाव देतात, "काळं झालं". खरं तर त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक कातडीच्या रंगाची आणि दुसरी कातडीच्या आतल्या चरबीची, आणि दोन्हीवरचा उपाय वेगळा आहे.

मागच्या वर्षी सक्करदऱ्याकडच्या एक काकू आल्या होत्या, वय ६३. फक्त उजव्या डोळ्यात बिमॅटोप्रॉस्ट ०.०३ टक्के, रोज रात्री एक थेंब, चौदा महिन्यांपासून चालू. डोळ्यातलं प्रेशर २४ वरून १५ वर आलं होतं म्हणजे ड्रॉप आपलं काम चोख करत होता. पण मुलीच्या लग्नाचे फोटो आले आणि सगळे विचारायला लागले की उजवीकडचा डोळा असा काहून दिसून राहिला. कोणीतरी डार्क सर्कल सांगितलं, मग तीन महिने क्रीम लावून झाली, काही फरक नाही. शेवटी वैतागून त्या मला म्हणाल्या, "मॅडम, ड्रॉपच बंद करून टाकते मी."

बिमॅटोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, लॅटॅनोप्रॉस्ट आणि टॅफ्लुप्रॉस्ट ही सगळी एकाच घरातली औषधं आहेत, प्रोस्टाग्लॅंडिनसारखी. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट ती मोकळी करतात म्हणून प्रेशर उतरतं. पण औषध डोळ्यातच थांबत नाही ना. बाटलीतला एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात मावतं जेमतेम ३०, उरलेलं गालावर आणि पापणीच्या कडेवर ओघळतं, आणि जिथे जातं तिथे आपला परिणाम दाखवतं.

आता पहिली गोष्ट, काळपटपणा. औषधामुळे कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशी जास्त मेलॅनिन बनवतात. रंग येतो तो थेंब ओघळतो तिथेच, म्हणजे खालच्या पापणीच्या कडेने आणि डोळ्याच्या कोपऱ्याशी. कातडी पातळ होत नाही की खाली बसत नाही, फक्त सावळी होते.

दुसरी गोष्ट म्हणजे डोळा खोल जाणं. डोळ्याच्या गोळ्याभोवती चरबीची गादी असते, हे औषध त्या चरबीच्या पेशींना बारीक करतं आणि नव्या तयार होऊ देत नाही. मग वरच्या पापणीवर, भुवईच्या हाडाखाली एक खोलगट घडी पडते, पापणी थोडी खाली उतरल्यासारखी वाटते आणि डोळ्याखालच्या पिशव्या हळूहळू नाहीशा होतात. गंमत म्हणजे पिशवी गेली म्हणून सुरुवातीला बरेच जण खूश होतात आणि तिथेच सुगावा निसटतो. खड्ड्यात सावली पडते आणि आरशात ती सावली काळपटपणासारखीच दिसते, सगळा घोळ इथूनच होतो.

ओळखायचं कसं, तर काकूंना खिडकीसमोर तोंड करून बसवलं, मोबाइलचा टॉर्च नाकासमोर अगदी सरळ धरला, वरून नाही, कारण वरून धरला की सावली उलट वाढते. समोरून उजेड पडल्यावर भुवईखालचा काळेपणा जवळजवळ गेला, म्हणजे ती सावली होती, खड्डा होता. पण खालच्या पापणीची कड तशीच तपकिरी राहिली. तिथली कातडी बोटाने हलकेच बाजूला ओढली तर तो रंग कातडीबरोबर सरकला, म्हणजे तो खरा रंग होता. काकूंना दोन्ही झालं होतं. क्रीम फक्त रंगासाठी होती आणि लोकांच्या नजरेत भरत होता तो खड्डा.

पुरावा म्हणून त्यांच्या आधार कार्डचा जुना फोटो बघितला, दोन्ही डोळे भरलेले. एकाच डोळ्यात ड्रॉप असला की डावीकडचा डोळा आयतंच माप देतो, पण दोन्ही डोळ्यांत चालू असेल तर दोन्ही सारखेच खोल जातात आणि सगळे वय झालं म्हणून सोडून देतात. म्हणून तेव्हा जुना फोटोच उपयोगी पडतो. आणि उजव्या पापणीचे केसही डावीपेक्षा लांब, जाड, गडद झाले होते (आपण पापणी हा शब्द कातडीलाही वापरतो आणि केसांनाही, म्हणून पेशंटला बोट ठेवून दाखवायला सांगते मी). केस वाढणं हे याच औषधाचं लक्षण, इतकं ठळक की बिमॅटोप्रॉस्ट अमेरिकेत २००८ मध्ये खास केस वाढवायला म्हणून मंजूर झालं.

एक सांगते, पापणी अचानक खाली आली, एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या किंवा दोन्ही बाहुल्या लहानमोठ्या झाल्या तर ते ड्रॉपमुळे आहे असं धरून बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता उपाय. काळपटपणा टाळायला थेंब टाकल्यावर डोळे मिटायचे, नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून ठेवायचा आणि बाहेर आलेलं औषध स्वच्छ कापसाने लगेच टिपायचं. आलेला रंग ड्रॉप बंद झाल्यावर किंवा बदलल्यावर बहुतेक वेळा काही महिन्यांत उतरतो, केसही पूर्ववत होतात. पण खड्ड्याच्या बाबतीत पुसण्यावर भिस्त ठेवता येत नाही, तिथे प्रश्न औषधाचाच असतो. या घराण्यात खड्डा सगळ्यात जास्त बिमॅटोप्रॉस्टने पडतो, नंतर ट्रॅव्होप्रॉस्टने, लॅटॅनोप्रॉस्टने बराच कमी.

बुबुळाचा रंग मात्र वेगळा, तो गडद झाला की परत येत नाही, औषध बंद केलं तरी. आपल्याकडे बहुतेकांची बुबुळं आधीच गडद तपकिरी म्हणून ते दिसत नाही. घाऱ्या किंवा हिरवट डोळ्यांच्या माणसाला, त्यातही एकाच डोळ्यात ड्रॉप असेल तर, सुरू करायच्या आधीच हे सांगायला पाहिजे.

काकूंनी ड्रॉप बंद केला नाही, हे मला खूप महत्त्वाचं वाटतं, कारण काचबिंदूत गेलेली नजर परत मिळत नाही आणि ती जाताना दुखतही नाही. डॉक्टरांनी त्यांना लॅटॅनोप्रॉस्टवर आणलं आणि महिन्याने प्रेशर १६ आलं, म्हणजे एकाचाच फरक. प्रेशर जास्त वाढलं असतं तर टिमोलॉलसारखा वेगळ्या गटातला ड्रॉप (दमा असेल तर तो चालत नाही) किंवा लेसर असे रस्ते होते. पाच महिन्यांनी मी परत टॉर्च धरला तेव्हा खालचा तपकिरी रंग बराच फिका झाला होता आणि भुवईखालचा खड्डा अर्धाअधिक भरला होता, पूर्ण नाही. तो पूर्ण भरेलच असं मी त्यांना सांगितलंही नव्हतं.