भट्टीची वीज नेमकी कोण खातं?

इलेक्ट्रिक भट्टीत वीस किलो कच्ची भांडी भाजायची असतील तर किती वीज लागेल? मातीपुरता हिशोब सोपा आहे. एक किलो माती एक अंशाने तापवायला साधारण एक किलोज्यूल ऊर्जा लागते. तीस अंशांपासून हजार अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे 970 अंश चढायचे, तर 20 × 970 = 19,400 किलोज्यूल. एका युनिटमध्ये 3,600 किलोज्यूल असतात, म्हणून हे जेमतेम साडेपाच युनिट झाले. मातीतली ओल आणि तिच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी बाहेर काढायला आणखी दोनेक युनिट धरा.

मीटर मात्र तीसच्या पुढे गेलेला दिसतो.

आत 46 सेंटीमीटर बाजूची घनाकृती जागा आणि साडेसात सेंटीमीटर जाडीच्या हलक्या इन्सुलेशन विटा, अशी सात किलोवॅटची भट्टी घेऊ. आतल्या पंधरा किलो शेल्फ आणि खांबही तेवढेच तापतात, त्यांचे चार युनिट. भिंतींच्या विटा भरतात सुमारे 70 किलो. त्यांची आतली बाजू हजार अंशांवर, बाहेरची शंभराच्या आसपास, म्हणजे सरासरी साडेपाचशे, आणि एवढी उष्णता विटांत साठवायला जवळपास दहा युनिट जातात. शिवाय भिंतीतून उष्णता सतत बाहेर पडते. हजार अंशांवर ही गळती ताशी चार युनिट असते, आठ तासांच्या चढणीत एकूण बाराएक. बेरीज तेहतिसाच्या घरात जाते. त्यामुळे भट्टी अर्धी रिकामी ठेवली तर चारच युनिट वाचतात, आणि प्रत्येक भांड्यामागचा खर्च जवळजवळ पावणेदोनपट होतो.

गळती आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असल्यामुळे वेळ कुठे घालवायचा हेही कळतं. ओल निघून जावी म्हणून शंभर अंशांच्या आसपास भट्टी रात्रभर रेंगाळली तरी खर्च फारसा वाढत नाही. वरच्या टोकाला अर्धा तास थांबलं की मात्र दोन युनिट गेले. तिथे उगाच थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी अडचण स्टोनवेअरला, म्हणजे बाराशे अंशांच्या आसपास किंवा वर भाजायच्या कणखर भांड्यांना येते. 1,230 अंशांवर याच भट्टीची गळती साडेपाच किलोवॅटवर जाते. 230 ऐवजी 200 व्होल्ट मिळाले तर कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते आणि सात किलोवॅटची भट्टी 5.3 वर येते. मग ती कितीही तास चालू ठेवली तरी तिथे पोचत नाही. कॉइल जुन्या झाल्या की त्यांचा रोध वाढतो आणि परिणाम तोच होतो. अकराशेनंतर ताशी चढण दर वेळी कमी होताना दिसली, तर भट्टी पूर्ण चालू असताना कॉइलच्या टोकांवरचं व्होल्टेज आणि करंट इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावं. व्होल्टेज पडलं असेल तर दोष पुरवठ्यात किंवा वायरिंगमध्ये, आणि ते ठीक असूनही करंट कमी असेल तर कॉइलमध्ये.